(1+x)^α ची सिरीज: x = 1 ला चालते, x = -1 ला मरते, आणि हा एकाचा फरक येतो कुठून?

राजेंद्रनगरवाली
नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितेय, एमेस्सी फर्स्ट इयर. डोकं पार बधीर झालंय म्हणून धागा काढला.

(1+x)^α ची सिरीज, α कुठलाही रिअल नंबर:

1 + αx + α(α-1)/2 x^2 + α(α-1)(α-2)/6 x^3 + ...

रेडियस १ येतो इथपर्यंत ठीक आहे, रेशो काढला की लागलेल्या दोन टर्मचं गुणोत्तर (α-n)/(n+1) गुणिले x, n मोठा झाला की ते -x कडे जातं, म्हणून |x| १ पेक्षा कमी असेल तर चालते आणि जास्त असेल तर नाही. प्रश्न टोकांचा आहे. पूर्वी एका क्लासला जायचे (नाव नको), तिथल्या नोट्समध्ये लिहिलंय की α > -1 असेल तर दोन्ही टोकांना कन्व्हर्ज होते. मला ते पटेना म्हणून मी α = -0.9 घेऊन x = 1 ला कॉम्प्युटरवर बेरीज करून पाहिली. हजार टर्मनंतर बेरीज ०.७७ येते, एक टर्म कमी घेतली तर ०.३०. म्हणजे एकदा वर एकदा खाली, नुसतं झुलतंय. म्हणजे नोट्स चुकीच्या ना? की मीच चुकतेय? परवा टेस्ट आहे.

पोहेजलेबी
अगं सोपं आहे हे. फंक्शनकडे बघ, सिरीजकडे कशाला बघतेस. x = 1 ला (1+x)^α म्हणजे 2^α, तो कुठल्याही α ला धडधाकट आकडा आहे, त्यामुळे x = 1 ला सिरीज कायम कन्व्हर्ज होणार. x = -1 ला 0^α, तो α निगेटिव्ह असला की इन्फिनिटी, म्हणून तिथे डायव्हर्ज. झालं. तुझ्या प्रोग्राममध्ये काहीतरी बग असेल, टाक इथे कोड.

राजेंद्रनगरवाली
कोड हा घ्या, यात बग असायला जागाच नाही:

```python
a = -0.9
t = s = 1.0
for n in range(1000):
    t *= (a - n) / (n + 1)
    s += t
print(s, t)
```

जुना_खडू
पोहेजलेबी, तुमचं अर्धं बरोबर आहे आणि चुकलेलं अर्धं फसवं आहे. α = -1 घ्या, x = 1. फंक्शन 1/(1+x), किंमत सरळ १/२. सिरीज काय? १ - १ + १ - १ + १... बेरीज एकदा १ एकदा ०, जन्मभर. फंक्शन धडधाकट, सिरीज कन्व्हर्ज होत नाही. फंक्शनची किंमत चांगली असणं पुरत नाही.

पण x = -1 ला तुमची युक्ती नकारासाठी उपयोगी आहे. सिरीज टोकावर कन्व्हर्ज झाली तर तिची बेरीज आतून टोकाकडे येताना फंक्शन जिथे जातं तीच असते. हे आबेलनं सिद्ध केलं, १८२६ साली, क्रेलेच्या जर्नलच्या पहिल्याच खंडात, आणि गंमत म्हणजे तो सगळा लेख याच सिरीजवर आहे. त्यामुळे आतून जाताना फंक्शन इन्फिनिटीला पळत असेल तर सिरीज कन्व्हर्ज होणं शक्यच नाही. एवढ्यावरून क्लासच्या नोट्स चुकीच्या ठरतात: α = -1/2, x = -1 ठेवा, १ भागिले शून्याचं वर्गमूळ. नोट्स म्हणतात कन्व्हर्ज होते. कुठे जाणार ती?

बेटा, तुझा प्रोग्राम बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. α = -0.9, x = 1 ला सिरीज कन्व्हर्ज होते. फक्त इतकी हळू की तुझ्या लॅपटॉपवर ते कधीच दिसणार नाही. जेवून येतो, मग लिहितो.

पोहेजलेबी
काका मान्य, α = -1 वाला दाखला डोक्यातून निसटला होता. पण मग १/२ चं काय? १ आणि ० ची सरासरी काढा, १/२ येतेच की. आणि हिच्या ०.७७ आणि ०.३० ची सरासरी काढा, ०.५३५, आणि 2^(-0.9) कॅल्क्युलेटरवर ०.५३५९. म्हणजे उत्तर बरोबरच येतंय ना, मग कन्व्हर्ज होत नाही कसं म्हणायचं?

अकरावीची_आई
मी मध्येच विचारते हं, रागावू नका. माझा मुलगा अकरावीत आहे, त्यांना बायनॉमियल थिअरम आहे, nCr वाला. त्यात तर शेवटी पदं संपतात. पाच घात असेल तर सहा पदं. मग हे रेडियस वगैरे त्याला येतं का पोर्शनमध्ये? आणि अर्ध्या वस्तूंमधून दोन कशा निवडायच्या?

जुना_खडू
ताई, त्याला हे नाही. घातांक ५ असला की α-5 हा अंश शून्य होतो आणि पुढची सगळी पदं त्यासकट मरतात, म्हणून सहाच उरतात आणि x काहीही ठेवा, चालतं. घातांक पूर्ण आणि शून्य-किंवा-मोठा नसेल तर तो अंश कधीच शून्य होत नाही, पदं संपत नाहीत, आणि सगळी भानगड तिथून सुरू होते. अर्ध्या वस्तूंमधून दोन निवडता येत नाहीत हे खरंच, पण (१/२)(१/२ - १)/२ हा गुणाकार करता येतो, आणि तो -१/८ येतो. न्यूटननं असंच केलं, आणि १६७६ च्या पत्रांतून लायब्निझला कळवलंही, पुरावा न देता. म्हणजे मुलाला सांगा की निवडण्याची गोष्ट इथे सोडून द्यायची, फक्त गुणाकार धरून ठेवायचा.

रोखपाल
बँकेत ३४ वर्षं काढली, गणित एवढंच येतं, पण ही सिरीज आम्ही न कळत वापरायचो असं दिसतंय. वार्षिक १२ टक्के असेल तर महिन्याचा खरा दर किती? लोक सरळ १ टक्का म्हणतात. खरं म्हणजे (1.12)^(1/12) काढायचं. इथली सिरीज लावून पाहिली: १ + ०.०१ - ०.०००५५ + ०.००००४२... म्हणजे १.००९४९, कॅल्क्युलेटरही १.००९४८९ म्हणतोय. चार पदांत काम झालं. मग तुम्ही लोक कन्व्हर्जन्ससाठी एवढं भांडताय कशाला? रेडियस १ म्हणजे शंभर टक्के व्याजापर्यंत चालेल असंच ना?

सराफा_रात्रपाळी
साहेब, चालणं आणि कामाला येणं यात फरक आहे. तुमचा x ०.१२ आहे, त्यामुळे दर पदाला आकडा साधारण दहापट बारीक होतो, चार पदांत खेळ खतम. x = 0.99 ठेवलात तर पदं दर वेळी एकच टक्का बारीक होतील, तुम्ही शेकडो पदं लिहीत बसाल. आणि x = 1 ला तर x कडून काहीच मदत नाही, चिन्ह सोडलं तर गुणोत्तरच १ कडे जातं. तिथे जे काही व्हायचं ते फक्त α च्या जोरावर. म्हणूनच भांडण टोकाचं आहे.

√२ काढायचं तर x = 1 ठेवू नये, ही गोष्ट वेगळी. १.४ चा वर्ग १.९६, २ भागिले १.९६ म्हणजे 1 + 1/49. मग √२ = १.४ गुणिले (1+1/49)^(1/2). चार पदांत १.४१४२१३६ येतं. हेच x = 1 ठेवून केलं तर: १, १.५, १.३७५, १.४३७५, १.३९८४, १.४२५८, १.४०५३, १.४२१४... आठ पदांनंतर दुसरा दशांशही ठरलेला नाही. ही तर चांगली वागणारी केस आहे बरं, α = 1/2.

राजेंद्रनगरवाली
हे मस्त. पण मला टेस्टला "कन्व्हर्ज होते की नाही" हेच विचारणार आहेत. काका जेवून आलात का

जुना_खडू
आलो. वरण-भात होता, झोप यायच्या आत लिहितो.

आधी x = -1 घे, कारण तिथे जादू नाही, नुसता हिशोब आहे. पदं: 1, -α, मग α(α-1)/2, ... प्रत्येक पदानंतरची बेरीज लिही.

एक पद: 1
दोन पदं: 1 - α
तीन पदं: 1 - α + α(α-1)/2. यातून (1-α) बाहेर काढ, (1-α)(1 - α/2) उरतं.
चार पदं: पुढचं पद बरोबर मागच्या बेरजेच्या -α/3 पट निघतं, म्हणून (1-α)(1-α/2)(1-α/3).

आणि असंच पुढे. x^n चं पद मिळवलं की मागच्या बेरजेला (1 - α/n) नं गुणायचं, बस. कागदावर स्वतः करून बघ, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. म्हणजे x = -1 ला सिरीजची बेरीज हा प्रश्नच उरत नाही, तो एका गुणाकाराचा प्रश्न होतो:

P_n(β) = (1 - β/1)(1 - β/2)(1 - β/3) ... (1 - β/n), इथे β = α.

आता रोखपाल साहेब, हे तुमच्यासाठी. खात्यात एक रुपया आहे. α = 1/2. पहिल्या वर्षी निम्मा कापला, दुसऱ्या वर्षी उरलेल्याचा चौथा हिस्सा, तिसऱ्या वर्षी उरलेल्याचा सहावा हिस्सा, मग आठवा, दहावा. खात्यात शेवटी किती उरेल?

रोखपाल
वा, हे जमेल. ५० पैसे, मग ३७.५, मग ३१.२५, मग २७.३४... कपातीचा दर कमी कमी होत चाललाय, म्हणजे कुठेतरी थांबणार. २० पैशावर स्थिर होईल असं वाटतंय. ज्या कपातीचा दर शून्याकडे चाललाय ती काय खातं रिकामं करणार?

जुना_खडू
इथेच मेख आहे. दर शून्याकडे जातो हे खरं, पण १/२ + १/४ + १/६ + १/८ ... या दरांची बेरीज कुठेच थांबत नाही. हार्मोनिक सिरीजचाच निम्मा भाग तो. दर बारीक असला की (1 - दर) चा लॉग जवळजवळ -दर असतो, म्हणजे खात्यातल्या रकमेचा लॉग मायनस अनंताकडे जातो, आणि रक्कम शून्याकडे. शंभर वर्षांनी ५.६ पैसे उरतात. हे α = 1/2 ला साधारण 1/√(πn) प्रमाणे घटतं. एका पैशाच्या दहाव्या भागावर यायला ३ लाख १८ हजार वर्षं. बेरीज शून्याला पोचते, आणि शून्याचं वर्गमूळ शून्यच आहे, म्हणजे जुळलं.

आता α = -1/2 घ्या. वजाचं अधिक होतं. तेच खातं, पण आता व्याज: पहिल्या वर्षी ५० टक्के, दुसऱ्या वर्षी २५, तिसऱ्या वर्षी १६.६७, मग १२.५, मग १०.

रोखपाल
१.५०, १.८७५, २.१८७५... शंभर वर्षं एक्सेलमध्ये टाकली, ११ रुपये ३३ पैसे. दहा हजार वर्षं टाकली, ११२ रुपये ८४ पैसे. थांबत नाही हो! दर तर त्या वर्षी ०.००५ टक्के आहे. असली स्कीम आमच्या बँकेनं काढली असती तर मॅनेजरची बदली झाली असती.

सराफा_रात्रपाळी
हा हा. साहेबांनी डायव्हर्जन्स एक्सेलमध्ये पकडला. पण एक लक्षात घ्या, एक्सेलवरून "थांबत नाही" हे सिद्ध होत नाही, हिच्या झुलणाऱ्या बेरजेवरून "कन्व्हर्ज होत नाही" हेही सिद्ध होत नाही. दोन्ही ठिकाणी लॉगवालं वाक्य लागतंच.

राजेंद्रनगरवाली
थांबा थांबा, म्हणजे x = -1 ला: α > 0 असेल तर बेरीज शून्याला, α < 0 असेल तर इन्फिनिटीला, α = 0 ला नुसता १. हे पूर्ण कळलं, आयुष्यात पहिल्यांदा. मोठा α असेल, म्हणजे 2.5 वगैरे, तर सुरुवातीला (1-α/1) निगेटिव्ह येईल, पण दोन-तीन फॅक्टरनंतर सगळे पॉझिटिव्ह आणि १ पेक्षा लहान, तेही ठीक. आता x = 1 ला काय?

जुना_खडू
बरोबर पकडलंस. आता x = 1 कडे चल, आणि या वेळी बेरजेकडे बघू नकोस, पदाकडे बघ. दोन लागलेल्या पदांचं गुणोत्तर (α-n)/(n+1). चिन्ह सोड, मोठेपणा बघ: n मोठा झाला की (n-α)/(n+1), आणि हे म्हणजे

1 - (α+1)/(n+1).

ओळखीचं वाटतं का? हे तेच रोखपालांचं खातं, फक्त β = α ऐवजी β = α+1. x = 1 ला x^n च्या पदाचा आकार म्हणजे चिन्ह सोडून P_n(α+1).

म्हणजे एकच खातं दोन ठिकाणी. x = -1 ला खात्यातली रक्कम ही बेरीज असते, आणि x = 1 ला खात्यातली रक्कम हे पद असतं, पण तिथे α मध्ये एक मिळवून. तुझ्या शीर्षकातला एकाचा फरक हा असा येतो. α ची सीमा x = -1 ला 0, x = 1 ला -1.

α > -1 असेल तर पदं शून्याकडे जातात, उतरत जातात, आणि काही पदांनंतर चिन्हं एकाआड एक बदलतात, म्हणून लायब्निझच्या कसोटीनं कन्व्हर्ज. α = -1 असेल तर पद कायम १, α त्याहून लहान असेल तर पदं वाढतच जातात, सिरीजला शून्याकडे न जाणारी पदं घेऊन कन्व्हर्ज होता येत नाही.

आणि α > 0 असला तर x = -1 ची पदं काही अंतरानंतर एकाच चिन्हाची असतात आणि बेरीज थांबते हे आधीच दिसलं, म्हणजे चिन्हं काढूनही बेरीज थांबते, म्हणजे x = 1 लाही पूर्ण कन्व्हर्जन्स, चिन्हांच्या मदतीशिवाय. -1 आणि 0 च्या मधे मात्र x = 1 ला चिन्हांची उधारी आहे. चिन्हं काढलीस तर तीच रोखपालांची वाढती ठेव होते.

राजेंद्रनगरवाली
काका 🙏 हे नोट्समध्ये का नाही लिहीत कुणी. म्हणजे क्लासवाल्यांनी x = 1 ची अट दोन्ही टोकांना चिकटवली, असं झालं.

पण मग माझा α = -0.9 का झुलतोय? α+1 = 0.1, शून्यापेक्षा मोठा आहे, पदं शून्याकडे जायला हवीत.

सराफा_रात्रपाळी
जातातच, पण खात्यातून पहिल्या वर्षी दहा टक्के, मग पाच टक्के, मग ३.३ असे कापले जातायत. रक्कम साधारण n^(-0.1) प्रमाणे घटते. n हजार असताना पद ०.४७, तुझा t छापलेला आकडा बघ, तेवढाच असेल. दहा लाख पदांनंतर ते ०.२३५. म्हणजे हजारपट काम करून निम्मं झालं फक्त. तिथे बेरीज ०.६५ आणि ०.४२ च्या मधे झुलेल. पद ०.०१ च्या खाली यायला 10^19 पेक्षा जास्त पदं लागतील, तुझा लॅपटॉप सेकंदाला १० कोटी पदं करत असला तरी हजारो वर्षं. आणि α = -0.99 घेतलास तर पद अर्ध्यावर यायलाच साधारण 10^30 पदं.

म्हणून कॉम्प्युटरवर बेरीज बघून ठरवू नकोस, पदांचं गुणोत्तर बघ. α = -0.9 ला (n+0.9)/(n+1), प्रत्येक वेळी १ पेक्षा कमी. α = -1.1 ला (n+1.1)/(n+1), प्रत्येक वेळी १ पेक्षा जास्त. स्क्रीनवर हजार पदांनंतर पद पहिल्यात ०.४७, दुसऱ्यात २.१. दोन्हीकडे बेरीज झुलतेच आहे, फरक फक्त एवढाच की एकीकडे झोका हळूहळू लहान होतोय आणि दुसरीकडे हळूहळू मोठा.

पोहेजलेबी
आणि सरासरी? माझ्या प्रश्नाचं उत्तर कुणी दिलंच नाही. α = -1.1 ला मी लागून असलेल्या दोन बेरजांची सरासरी काढली, ०.४६६५ कडे जातेय, आणि 2^(-1.1) पण ०.४६६५ आहे. म्हणजे तिथेही उत्तर आलं. तुम्ही म्हणता डायव्हर्ज होते.

जुना_खडू
तुमचं निरीक्षण खरं आहे, नाव चुकीचं आहे. बेरीज कुठे जाते हा एक प्रश्न, बेरजांची सरासरी कुठे जाते हा दुसरा. झोका वर-खाली जवळजवळ सारखाच असल्यामुळे मधला बिंदू फार लवकर स्थिर होतो, आणि हे α = -2 च्या जरा वरपर्यंत तुमच्या एका सरासरीनं निभतं. α = -2 ला सिरीज १ - २ + ३ - ४ + ..., बेरजा १, -१, २, -२, ३... लागून असलेल्या दोघांची सरासरी ०, १/२, ०, १/२, पुन्हा झुलायला लागली. मग सरासरीची सरासरी काढा, १/४ मिळेल, तेच 2^(-2). हा वेगळा मोठा विषय आहे आणि कामाचाही आहे, पण परीक्षेत "कन्व्हर्ज" म्हटलं की बेरजेबद्दल बोलायचं. हिला गोंधळात टाकू नका, परवा पेपर आहे.

पोहेजलेबी
गोंधळात नाही टाकत काका, पण मला अजूनही वाटतं की जो आकडा सगळीकडून बरोबर येतो त्याला "डायव्हर्ज" म्हणणं हे फक्त पुस्तकी आहे. असो. आमच्या ऑफिसात मीटरच्या नॉइजला आम्ही असंच अॅव्हरेज करतो आणि कुणी काही म्हणत नाही.

राजेंद्रनगरवाली
😄 टेस्टमध्ये लिहिलं तर माझे मार्क जातील भिया.

आता एक शेवटचं. सरांनी जाता जाता सांगितलेलं की x कॉम्प्लेक्स घेतला तर टोकं दोन नसतात, |x| = 1 हा अख्खा गोल असतो. मग x = i ला काय? तिथे चिन्ह एकाआड एक नाही, i, -1, -i, 1 असं फिरतं. लायब्निझ लागत नाही.

जुना_खडू
लायब्निझ नाही, पण त्याचा मोठा भाऊ लागतो, डिरिक्लेची कसोटी. तिला फक्त एवढं हवं की आकार उतरत शून्याला जावा आणि फिरणाऱ्या भागाची बेरीज मर्यादेत राहावी. 1 - i - 1 + i ... अशी बेरीज चार पावलांत परत घरी येते, म्हणजे मर्यादेत आहे. -1 सोडून गोलावरच्या कुठल्याही x ला ती मर्यादेतच राहते, फक्त x जितका -1 च्या जवळ तितकी ती मर्यादा मोठी. म्हणून α > -1 असेल तर -1 सोडून अख्ख्या गोलावर कन्व्हर्ज, आणि -1 ला आपलं α > 0 वालं उत्तर. रेडियस १ का आला तेही इथेच दिसतं: फंक्शनचा खोडकर बिंदू फक्त -1, त्याच्यापर्यंतचं अंतर १, आणि त्याच्यामुळे x = 1 ला बिचाऱ्याला काही कारण नसताना शिक्षा.

अकरावीची_आई
मी सगळं वाचलं, कळलं थोडंच, पण रोखपाल भाऊंचं खातं मुलाला करून दाखवलं. तो विचारतोय की एक रुपयाचे शंभर वर्षांनी ५.६ पैसे, म्हणजे π कुठून आलं त्यात? इथे तर गोल कुठेच नाही.

रोखपाल
हा प्रश्न मलाही पडला होता, विचारायची लाज वाटली.

सराफा_रात्रपाळी
मुलाला सांगा, १/२, ३/४, ५/६, ७/८ हे गुणत जा, असे १०० अपूर्णांक होईपर्यंत. तो आकडा उलटा करून त्याचा वर्ग घे आणि १०० नं भाग. ३.१५ च्या आसपास येईल. हे वॉलिसच्या गुणाकाराचं भावंड आहे. का येतं ते काका सांगतील, मला इंटिग्रल लावल्याशिवाय सांगता येत नाही आणि त्याच्या अकरावीत इंटिग्रल अजून आलं नसेल.

जुना_खडू
मलाही इंटिग्रलशिवाय येत नाही सांगता, खरंच. एखादा मोजून दाखवण्यासारखा मार्ग असेल तर कुणीतरी लिहा, मी पण वाचीन.

राजेंद्रनगरवाली
मुलाचा आकडा काय आला ते मावशी नक्की टाका. मी आत्ता α = -0.9 ला x = i चालवून बघतेय, इथे झोका नाही, चार बिंदूंचा चौकोन फिरतोय आणि मुंगीच्या पावलानं आत येतोय, हजार पदांनंतरही चौकोन चांगला मोठा आहे.